बर्स्टमधले वीस फोटो जोडून चादरीचे धागे कसे उठवायचे

प्रश्न: आजोबांनी मागावर विणलेली जुनी चादर आहे, तिचा २४ इंची प्रिंट काढून फ्रेम करायचीय. फोन १२ मेगापिक्सेलचा. कुठंतरी ऐकलं की हातात धरून २०-२५ फोटो काढून एकत्र केले की फोटो जास्त शार्प आणि मोठा होतो. मी २२ काढले, फोटोशॉपमध्ये अलाइन करून अ‍ॅव्हरेज केलं, तर एका फोटोपेक्षाही मऊ आला. आधी धाग्यांवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसत होते, ते गेले, पण धागेही गेले. काय चुकलं? ट्रायपॉड घेऊ का?

उत्तर:

ट्रायपॉड अजिबात घेऊ नका, त्याचं कारण पुढं येईलच. आणि ते इंद्रधनुष्यी पट्टे दिसले ना, ती तुमच्यासाठी चांगली बातमी आहे, फोटो बिघडला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी सोलापुरात गेली चौदा वर्षं चादर-टॉवेलवाल्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळं हे पट्टे माझे जुने सोबती आहेत. एकदा तर एक अख्खा कॅटलॉग छापून आला आणि पांढऱ्या चादरींवर गुलाबी-हिरव्या लाटा, मालक म्हणाले हे डिझाइन आम्ही कधी विणलं ओ? पैसे अर्थातच माझे गेले.

आता मुळात काय होतंय ते बघू, कारण ते कळलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची हे आपोआप कळतं. तुमची चादर नेहमीची ६० बाय ९० इंचांची धरतो. फोनच्या फोटोची लांबी ४००० पिक्सेल, कडेला थोडी जागा सोडली तर चादरीच्या ९० इंचांना साधारण ३८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला ४२. मी अशीच एक जुनी चादर पिक ग्लास म्हणजे धागे मोजायच्या भिंगाखाली मोजली होती, तिच्यात इंचाला २४ धागे निघाले. एक धागा आणि त्याच्या शेजारची फट, एवढं वेगळं दिसायला कमीत कमी दोन पिक्सेल लागतात, म्हणजे इंचाला ४८ हवेत आणि आपल्याकडं ४२ आहेत. थोडक्यात हुकतंय. पण रंगाचं याहून वाईट आहे. सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल तिन्ही रंग बघत नाही, चारातले दोन हिरवा बघतात, एक लाल आणि एक निळा, बाकीचं फोन अंदाजानं भरतो. म्हणजे एका ओळीत लाल रंगाची नोंद इंचाला फक्त २१ ठिकाणी होते. धागे २४, नोंदी २१, फरक ३. तोच तो पट्टा! इंचाला तीन रंगीत पट्टे, जे चादरीत नाहीतच, धागे आणि पिक्सेल यांची मोजणी जुळली नाही म्हणून तयार झालेले.

यातून कामाची गोष्ट अशी निघते की पट्टा दिसला म्हणजे लेन्सनं धागा सेन्सरपर्यंत पोचवला होता, सेन्सरला तो नीट मोजता आला नाही एवढंच. माहिती आत आलीय, चुकीच्या वेषात आलीय. लेन्सच मंद असती तर पट्टेही आले नसते, सगळं सपाट दिसलं असतं, आणि मग वीस काय दोनशे फोटो जोडले तरी काही निघालं नसतं.

आता हात. खिडकीला डासांची जाळी असते, तिच्यापासून लांब उभं राहून एका डोळ्यानं पलीकडची पाटी वाचायचा प्रयत्न करा. काही अक्षरं तारेमागं लपतात. डोकं जरासं हलवलं की वेगळा भाग लपतो, आधीचा उघडा होतो, आणि चार-पाच वेळा डोकं हलवलं की अख्खी पाटी वाचून होते. हातात धरलेल्या फोनचं हेच होतं, दोन फोटोंच्या मध्ये हात सहज वीस-तीस पिक्सेल सरकतो, त्यातले पूर्ण पिक्सेल काही कामाचे नसतात, कामाचा असतो तो वरचा अपूर्णांक, म्हणजे २३ नाही तर २३.४. त्या ०.४ मुळं या वेळी सेन्सरनं धाग्याचा आधी न बघितलेला भाग बघितला. ट्रायपॉडवर सगळे फोटो एकाच जागेवरून, जाळीमागं तेच अक्षर परत परत लपणार. नॉइज कमी होईल, धागा नवीन दिसणार नाही. गूगलच्या पिक्सेल ३ या फोनमधला झूम, २०१८ चा, याच हाताच्या थरथरीवर चालायचा, आणि फोन स्टँडवर घट्ट बसवलेला असला तर तो फोन स्टॅबिलायझेशनची लेन्स मुद्दाम किंचित हलवायचा. म्हणजे बघा, थरथर नसेल तर ती तयार करायला लागते.

मग तुमचा फोटो मऊ का आला? कारण तुम्ही मूळ साइझवरच अलाइन केलं. २३.४ पिक्सेल सरकलेला फोटो परत जागेवर आणायचा तर त्याचे पिक्सेल शेजारच्यांत मिसळून नवीन काढावे लागतात, आणि ते बसवायचे कुठं, तर त्याच जुन्या ४२ च्या चौकटीत. मिळालेली नवीन माहिती ठेवायला जागाच नाही, मग ती सरासरीत विरघळते. पट्टे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी होते म्हणून एकमेकांना खाऊन गेले, आणि धाग्याला घरच नव्हतं म्हणून तोही गेला. उपाय एका ओळीचा आहे, आधी प्रत्येक फोटो २०० टक्के मोठा करायचा, मग अलाइन, मग सरासरी. मोठा केल्यानं एकट्या फोटोत काहीच वाढत नाही, फक्त चौकट बारीक होते, इंचाला ८४ खाने, आणि अर्ध्या पिक्सेलचा फरक आता एका पूर्ण खान्याचा होतो. फोटोशॉपमध्येच करायचं तर फाइली एका स्टॅकमध्ये घ्या, Image Size मध्ये २०० टक्के, मग Auto-Align Layers, मग सगळे लेयर मिळून स्मार्ट ऑब्जेक्ट करून Stack Mode मध्ये Mean.

पण थांबा, त्याआधी तुमचे ते २२ फोटो कामाचे आहेत का ते बघा. कुठलेही दोन घ्या, ४०० टक्के झूम करा आणि चादरीच्या त्याच जागेवर एकदा हा एकदा तो असं बघा. पट्टे एकातून दुसऱ्यात उडी मारून सरकलेले दिसले तर माल चांगला आहे, कारण फोन एक पिक्सेल हलला की हा लाल पट्टा जवळपास अर्ध्या पट्ट्याएवढा सरकतो, इतका तो नाजूक असतो. पट्टे सगळ्यात त्याच जागी असतील तर फोन हललाच नाही. आणि पट्टेही नाहीत, धागेही नाहीत, नुसतं पोस्टर कलर फासल्यासारखं दिसतंय, तर फोनच्या सॉफ्टवेअरनं नॉइज काढताना धागे पुसलेत. आजकालचे फोन साध्या मोडमध्ये स्वतःच आतल्या आत अनेक फोटो जोडून, पुसून, वरून शार्प करून देतात, आणि आपण त्या तयार फोटोंवर परत हेच करायला गेलो की हातात काही लागत नाही. कुठला फोन किती पुसतो हे फोनवर आहे, त्यामुळं ही परीक्षा स्वतःच घ्यायची, माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

तुमच्यात पट्टे दिसत होते म्हणजे हे फोटो बहुतेक चालतील. तरी परत काढायची सोय असेल तर परत काढा, आणि प्रो मोडमध्ये रॉ म्हणजे DNG मिळत असेल तर तोच वापरा. रॉ एकेक करून सेव्ह होतो, वेळ लागतो, लागू दे, चादर कुठं पळून जात नाही.

काढताना मी काय करतो ते सांगतो. चादर भिंतीवर वरून लाकडी पट्टीत धरून लावतो, खालीही एक पट्टी, म्हणजे ताणून बसते. पंखा बंद. हे वाचून हसाल, पण मी स्वतः यात अर्धा दिवस घालवलाय. एप्रिलमध्ये, सोलापूरचा एप्रिल, एका गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमध्ये पंखा चालू ठेवूनच फोटो काढले, घरी येऊन जोडले तर वरची पट्टी कडक शार्प आणि खाली जाईल तसं धुकं. अलाइनमध्ये चूक असेल असं धरून दुपारभर सेटिंग बदलत बसलो. सेटिंगचा काही दोष नव्हता ओ, चादर खालून दोन-तीन मिलिमीटर झुलत होती, आणि इथं अर्ध्या मिलिमीटरच्याही आतले खेळ चाललेत. अख्खा फोटो सरकवून जुळवता येतो, लहरणारं कापड जुळवता येत नाही. त्या उन्हात फोनही तापतो आणि सेव्ह करायला वेळ घेतो, म्हणून आता सकाळीच उरकतो.

उजेड दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूनं येणारा घ्या. ट्यूबलाइटमध्येच काढायला लागला तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, शटर त्याच्याशी जुळलं नाही की प्रत्येक फोटोत आडवे गडद पट्टे येतात आणि ते भलत्याच जातीचे पट्टे असतात. खिडकीच्या उजेडात १/२०० किंवा त्याहून जलद, म्हणजे एकेका फोटोच्या आत हात हललेला दिसणार नाही. थरथर दोन फोटोंच्या मध्ये हवी, फोटोच्या आत नको. आयएसओ, शटर, फोकस, व्हाइट बॅलन्स चारही लॉक. मेन लेन्सच वापरा, झूम करू नका. चादरीच्या मधोमध समोर उभं राहून फोन भिंतीला समांतर धरा आणि वीस फोटो, प्रत्येक दोनांच्या मध्ये एक श्वास घ्या. मुद्दाम हलवायची गरज नाही, आणि पाऊल तर हलवूच नका, अंतर बदललं की मापच बदलतं.

अजून एक युक्ती, चादरीच्या चारी कोपऱ्यांच्या बाहेर भिंतीला वर्तमानपत्राचा एकेक तुकडा चिकटवा. जॅकार्डची नक्षी परत परत तीच येते ना, सॉफ्टवेअर कधीकधी एका फुलाला शेजारच्या फुलाशी जुळवून बसतं. छापील अक्षरं सगळीकडं वेगळी, त्यामुळं पकड चांगली मिळते, आणि नंतर काम जमलं का हे बघायलाही तीच उपयोगी.

आता जोडणं. रॉ असेल तर डार्कटेबल किंवा जे वापरता त्यात सगळ्यांना तेच सेटिंग लावून १६ बिट टिफ काढा, नॉइज रिडक्शन शून्य, शार्पनिंग शून्य, रंगीत डाग घालवणारं जे काही असेल ते बंद. पट्टे राहू देत, ते सरासरीत जातील. मग वाईट फोटो बाजूला काढा. जेपेग असतील तर सोपं आहे, फाइल साइझ बघा, त्याच दृश्याची फाइल जेवढी मोठी तेवढा बारकावा जास्त, सगळ्यात लहान चार-पाच सहसा हललेले निघतात, तरी एकदा डोळ्यानं खात्री करा. सगळ्यात शार्प फोटोचं नाव असं ठेवा की तो यादीत पहिला येईल, कारण बाकीचे त्याच्यावर बसवले जातात. मी वीसातले चौदा ठेवतो. दुपटीला आदर्श परिस्थितीत लालसाठी सोळा वेगवेगळ्या जागा भरायच्या असतात, पण हात काही मोजून हलत नाही, काही जागा दोनदा येतात काही येतच नाहीत, म्हणून बारा ते वीस हा व्यवहारी आकडा. त्याच्या पुढं फायदा रेंगाळतो, नॉइज निम्मा करायला फोटो चौपट लागतात.

मी फोटोशॉप सोडून हगिन या पॅनोरामा जोडायच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं align_image_stack आणि कमांडवर चालणारं इमेजमॅजिक वापरतो, दोन्ही फुकट आहेत. फाइली जेपेग असतील तर mogrify च्या ओळीत शेवटी *.tif च्या जागी -format tif *.jpg लिहा. क्रॉपचे आकडे तुमच्या फोटोप्रमाणे बदला, चादर आणि कोपऱ्यातले कागद आत यायला हवेत:

```
mkdir big
magick mogrify -path big -crop 3960x2720+20+140 +repage -filter Lanczos -resize 200% *.tif
align_image_stack -v -m -C --use-given-order -a al_ big/*.tif
magick al_*.tif -alpha off -evaluate-sequence mean out.tif
```

क्रॉप आधी करायचं कारण मेमरी. २०० टक्क्यांवर एकेक फोटो ४ कोटींहून जास्त पिक्सेलचा होतो आणि असे चौदा एकदम ८ जीबीच्या लॅपटॉपला झेपत नाहीत, तो नुसता गुरगुरत बसतो. तसं झालं तर सात-सातची सरासरी वेगवेगळी काढा आणि मग त्या दोघांची, गट सारखे असले की उत्तर तेच येतं.

काही जण सरासरीऐवजी मिडीयन घ्या सांगतात. रस्त्यावर माणसं चालतायत, झाड हलतंय, तिथं मिडीयन बरोबर आहे, हलणारी वस्तू उडून जाते. पण इथं प्रत्येक फोटोतला थोडा थोडा वेगळा अंश आपल्याला हवाय, आणि मिडीयन मधलाच कुठलातरी पकडून बाकीचे टाकतो. स्थिर चादरीला सरासरीच.

out.tif उघडल्यावर दचकू नका, तो मऊच दिसणार. पिक्सेल म्हणजे टिंब नसतो, चौकोनी खिडकी असते, ती स्वतःच्या रुंदीएवढं सगळं एकत्र करून एक आकडा देते, त्यामुळं जोडलेल्या फोटोवर तेवढा धुरकट थर राहतोच. फरक असा की आता त्या थराखाली खरा धागा आहे, आणि नॉइज कमी झाल्यामुळं शार्पनिंगचा हात मोकळेपणानं चालवता येतो. एका फोटोवर एवढं शार्पनिंग केलं असतं तर रवा सांडल्यासारखं दिसलं असतं.

```
magick out.tif -unsharp 0x2+1.5+0 -resize 75% final.tif
```

शेवटी लहान करून ७५ टक्क्यांवर का आणतो? कारण २०० टक्क्यांची चौकट ही काम करायची जागा होती, तेवढा बारकावा खरोखर निघत नाही. माझ्या अनुभवात लांबीला दीड पट हिशोब प्रामाणिक आहे, कधी त्याहून कमी. तुमच्या चादरीला ३८०० ऐवजी ५७०० पिक्सेल मिळतील. २४ इंची प्रिंटला आधी इंचाला १५८ पडत होते, आता २३७ पडतील, आणि भिंतीवरच्या फ्रेमला हे पुरेसं आहे. ज्या चादरीचे आकडे वर दिले तिच्यात मला शेवटी उभा-आडवा धागा वेगळा दिसला, दोन रंग जिथं एकमेकांवरून जातात तिथली पायरी दिसली, किनारीला विणलेली अक्षरं आधी घासल्यासारखी होती ती वाचता आली. धाग्यातले तंतू दिसले नाहीत आणि दिसणारही नाहीत, ते लेन्सनंच आत येऊ दिले नव्हते.

जमलं की नाही हे कागदाच्या तुकड्यांवर बघा. चारी कोपऱ्यांतली अक्षरं एकेरी आणि मध्येही धागा स्वच्छ, तर झालं. अक्षरं दुहेरी दिसली तर एखादा फोटो नीट बसला नाहीय, al_ वाले एकेक पहिल्यावर डिफरन्स मोडमध्ये ठेवून बघा, ज्यात कडा उजळ दिसतात तो काढून परत सरासरी. कोपरे चांगले आणि चादरच मऊ, तर पंखा! मध्ये चांगलं आणि कोपरे मऊ असतील तर फोटो काढताना तुम्ही जागेवरून सरकलात किंवा फोन वाकडा झाला, त्याला परत काढण्याशिवाय उपाय नाही.

आणि एक कबुली देतो. चादर हाताशी आहे, जवळ जाता येतंय, तर सहा तुकड्यांत जवळून फोटो काढून शिवले तर पिक्सेल याहून कितीतरी जास्त मिळतात. मी तरी ते टाळतो, कारण परत परत येणाऱ्या नक्षीत शिवण चुकली की फूल अर्धं तुटतं आणि ज्यानं माग चालवलाय त्याच्या नजरेतून ते सुटत नाही. तुमच्या चादरीवर मोठी नक्षी मधे एकच असेल, मोर किंवा तसं काही, तर शिवूनच बघा. सगळीकडं बारीक बुट्टी असेल तर बर्स्ट. कुठली आहे ते सांगा, आणि जमलं तर त्या २२ मधल्या दोन मूळ फायलींचा मधला तुकडा टाका, पट्टे सरकतायत का मी बघून सांगतो.